सहा बांगडे आणि टोस्ट

"टोस्ट तू उचलतलस," दोस्ताने फोनवर सांगितलं आणि मी दुकानात गिऱ्हाइकाला नळाची तोटी दाखवत असल्यामुळे "बरां, बरां" म्हणून फोन ठेवला. रात्री जेवताना लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

आमच्यात लग्नात मित्राने बोलायची पद्धत नाही. मित्राने नवरदेवाचे बूट सांभाळायचे, वरातीत नाचायचं आणि पंगतीत आग्रह करायचा. बोलायचं काम भटजीचं, आणि फार तर उखाण्यापुरतं नवरा-नवरीचं. पण दोस्त ख्रिश्चन, मालवणजवळच्या आमच्याच वाडीतला, आणि त्यांच्या रिसेप्शनला टोस्ट म्हणजे कार्यक्रमातला ठरलेला भाग. नवरा-नवरी आली, केक कापला, की एक माणूस माईकवर उभा राहतो, दोघांबद्दल थोडं बोलतो आणि शेवटी पेला उचलतो. सगळा मांडव उठून त्याच्याबरोबर पेला उचलतो. मग बँड, मग नाच, मग जेवण. म्हणजे माझं बोलणं लांबलं तर तीनशे माणसांचं जेवण लांबणार. एरवी हा मान घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा. दोस्ताने तो हट्टाने मला दिला होता, आणि त्याच्या दोन-तीन नातेवाइकांना ते फारसं आवडलेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं.

पहिला मसुदा मी कुडाळला दुकानात बसून पावतीपुस्तकाच्या मागे लिहिला. सुरुवात होती: "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो." पुढे आमची ओळख बालवाडीत कशी झाली, दहावीला त्याला गणितात किती मार्क मिळाले, दोघांनी मिळून पहिली मोटरसायकल कशी घेतली आणि ती कशी पडली, गोव्याला एकदा काय झालं, त्याच्या आईचा स्वभाव, त्याचा स्वभाव, मैत्री म्हणजे काय. शब्द मोजले तर नऊशे. मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचलं तेव्हा पावणेआठ मिनिटं लागली. घरात वाचताना आपण भरभर वाचतो, त्यामुळे माईकवर दहा नक्की झाली असती.

लग्नाला आठवडा असताना दोस्ताचा मुंबईचा मामा वाडीत आला. सगळे त्याला अंकल म्हणतात, म्हणून मीही. अंकलनी आजवर कितीतरी लग्नांत टोस्ट उचललेत, आणि या लग्नात माईकवरचं सूत्रसंचालनही त्यांच्याकडेच होतं. संध्याकाळी त्यांच्या खळ्यात बसून मी त्यांना माझं वाचून दाखवलं. "व्यासपीठावरील मान्यवर" येताच त्यांनी हात वर केला.

"निवडणुकीक उभो रवतस काय रे?"

मग पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. ऐकल्यावर म्हणाले, "ह्या भाषण झाला. टोस्ट म्हणजे पेलो उचलूचा निमित्त. येकच गजाल सांग. आणि ती गजाल व्हकलेच्या आजयेक समजाक होयी."

नवरीच्या आजीला समजली पाहिजे. हा गज मी घरी नेला आणि एकेक गोष्ट त्याला लावून पाहिली. गोव्याचा किस्सा पहिल्या फटक्यात गेला. तो समजला असता, हाच प्रश्न होता. मोटरसायकलची गोष्ट आम्हा चौघांना हसवते, कारण पडल्यावर जो माणूस उचलायला आला तो कोण हे आम्हालाच माहीत आहे. बाहेरच्याला त्यात नुसती पडलेली मोटरसायकल दिसणार. गणिताचे मार्क ही त्याची थट्टा, पण लग्नाच्या दिवशी सासरच्यांपुढे माणसाला गणितात नापास कशाला करा? शिवाय नवरीकडची माणसं वसईची. त्यांची बोली वेगळी, आमची वेगळी. मी भरभर मालवणीत बोललो असतो तर अर्धा मांडव दुसऱ्या अर्ध्याकडे बघून हसला असता. म्हणून गोष्ट साध्या मराठीत सांगायची आणि मालवणी फक्त गोष्टीतल्या माणसांच्या तोंडी, एकदोन वाक्यं, असं ठरवलं.

उरली रापणीची गोष्ट. ती मी पहिल्या मसुद्यात घेतलीही नव्हती, कारण ती मला गोष्ट वाटतच नव्हती.

आम्ही सातवीत होतो. डिसेंबर महिना, किनाऱ्यावर रापण लागलेली. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात, उलटी चालत, वाळूत टाचा रोवत, दोन-दोन तास. हात लावणाऱ्या पोरांनाही शेवटी थोडी मासळी मिळते. आम्ही दोघं दोराला होतो. चारला मला शिष्यवृत्तीच्या जादा तासाला जायचं होतं, म्हणून मी मध्येच दोर सोडून पळालो. रापण ओढून झाल्यावर दोस्ताला आमच्या दोघांचे मिळून अकरा बांगडे मिळाले. संध्याकाळी तो जेवणाच्या डब्यात सहा बांगडे घालून आमच्या दारात.

नेमका मार्गशीर्षातला गुरुवार. आत घट मांडलेला, आजी पोथी वाचायला बसलेली, आणि दारात हा डब्याचं झाकण उघडून उभा. आजी ओरडली, "आज बेस्तरवार मरे! भायरच रव!" हा उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "मगे उद्या हाडतंय," आणि गेला. शुक्रवारी सकाळी शाळेआधी परत आला. तोच डबा, तेच सहा बांगडे, त्याच्या आईने साफ करून मीठ-हळद लावलेले. मी त्याला विचारलं होतं, सहा मला आणि पाच तुला असं का, ओढलं तर तू जास्त. त्यावर तो म्हणाला, तुमच्याकडे माणसं सहा, आमच्याकडे पाच.

अंकलना सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हीच." आणि लगेच, "पण आता व्हकल खंय असा ह्यात?"

हा खरा अडसर होता. मित्राच्या टोस्टमध्ये नवरीचं नाव शेवटी शेपटासारखं येतं. मी तिला दोनदाच भेटलो होतो. "सुस्वभावी, मनमिळाऊ" असं लिहिलं असतं तर ते विवाहमंडळाच्या वहीतल्यासारखं झालं असतं. म्हणून तिला सरळ फोन केला. दोन गोष्टी विचारल्या. एक, माईकवर नाव कुठलं घेऊ, कारण पत्रिकेत लांबलचक नाव होतं आणि दोस्त तिला वेगळ्याच नावाने हाक मारायचा. ती म्हणाली, घरचं घ्या, पत्रिकेतल्या नावाने मला फक्त शाळेत ओरडायचे. दुसरं विचारलं, तो पहिल्यांदा तुमच्या घरी आला तेव्हा काय झालं?

ती हसायला लागली. येण्याच्या आदल्या दिवशी त्याने तिला विचारलं होतं, घरात माणसं किती? तिला वाटलं, हा घाबरलाय. ती म्हणाली, सात. दुसऱ्या दिवशी हा मालवणी खाजाच्या सात पुड्या घेऊन हजर. एक मोठी पिशवी नाही, सात वेगळ्या पुड्या, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. आजीला दात नाहीत, खाजं कडक. तिने ती पुडी उशाशी ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

फोन ठेवला आणि मी पावतीपुस्तकाचं पान फाडून नवीन घेतलं. सहा बांगडे आणि सात पुड्या. दोन्हीकडे तोच माणूस, माणसं मोजून वाटा पोचवणारा. त्याच्याबद्दल एकही विशेषण लावायची गरज उरली नाही. "दिलदार" हा शब्द पहिल्या मसुद्यात तीनदा होता, नवीन मसुद्यात एकदाही नाही. शब्द भरले दोनशे सत्तर. मोठ्याने, थांबत थांबत वाचलं तर अडीच मिनिटं.

कापताना एक वाक्य मला जड गेलं. शुक्रवारी त्या बांगड्यांचं पुढे काय झालं, हे मी लिहिलं होतं. पण डबा दारात परत आला इथे गोष्ट पुरी होते, पुढचं सगळं लांबण, असं वाटून मी ते काढलं. ते लक्षात ठेवा, पुढे येईल.

लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात रोसची, म्हणजे अंगाला नारळाचा रस लावायच्या विधीची, गडबड चालू असताना, अंकलनी मला मैदानात नेलं. रिसेप्शन चर्चसमोरच्या मैदानात, समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यांनी मला स्टेजच्या डाव्या टोकाला उभं केलं, कारण उजवीकडे स्पीकरचे खोके होते. खोक्यासमोर माईक गेला की कुईं करून आवाज येतो आणि पहिलं वाक्य तिथेच मरतं. माईक तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या थोडा खाली, आणि मान नवरा-नवरीकडे वळवली की माईकही मानेबरोबर वळवायचा. हे नाही केलं तर नेमकं त्यांचं नाव घेताना आवाज गायब होतो. माझे चार कागद बघून ते म्हणाले, वाऱ्याचं काय? मग पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापले, कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याने बांधले, आणि प्रत्येकावर मार्करने फक्त ओळींची सुरुवात लिहिली. पूर्ण वाक्यं लिहिली असती तर मी ती वाचत बसलो असतो.

मग पेले. टोस्टसाठी गोड लाल वाईन, औषधाच्या मापापेक्षा थोडी जास्त, पन्नास मिलिलिटर. साडेसातशेच्या बाटलीत असे पंधरा पेले होतात. पाहुणे तीनशे, त्यातली पोरं आणि न घेणारे माझ्यासारखे नव्वद धरले. त्यांना कोकम सरबत. रंग जवळपास तोच, त्यामुळे दुरून कुणाच्या हातात काय आहे ते कळत नाही आणि न घेणाऱ्याला अवघडल्यासारखंही होत नाही. राहिले दोनशे दहा, म्हणजे चौदा बाटल्या. अंकलनी सोळा आणल्या होत्या.

"पेले सगळ्यांच्या हातात गेल्याबिगर तोंड उघडू नुको," ते म्हणाले. "आणि शुभेच्छा हो शब्द शेवटाक. आधी बोललस तर लोक पितले."

मी मान डोलावली. माझ्या मसुद्यात तो शब्द फक्त शेवटच्या कार्डावर होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं ठरल्यासारखं झालं. केक कापला. पोरं ट्रे घेऊन टेबलांमधून फिरली. अंकलनी मागच्या टेबलापर्यंत नजर टाकली, सगळ्यांच्या हातात पेले दिसल्यावरच माझं नाव पुकारलं. मी डाव्या टोकाला गेलो, चार बोटं माईक धरला. पहिली ओळ पाठ होती: "माझ्या आजीने नवरदेवाला एकदा दारातून हाकलून दिलं होतं." मी समोर पाहिलं. तीनशे माणसं. दोस्त सुटाबुटात, केस चप्प बसवलेले, माझ्याकडे बघून हसला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "सर्वप्रथम दोघांना हार्दिक शुभेच्छा!"

का, ते मला अजून सांगता येत नाही. आयुष्यभर वाढदिवसाच्या फलकांवर, गणपतीच्या बॅनरवर वाचलेलं ते वाक्य कुठेतरी तयारच बसलेलं असावं. पाठ केलेलं मागे पडलं आणि सवयीचं पुढे आलं.

मागच्या टेबलावरून कुणीतरी दणक्यात ओरडलं, "व्हिवा!" मांडव उठला. "व्हिवा! व्हिवा!" पेले वर गेले आणि रिकामे झाले. बँडवाल्याने काड्या उचलल्या. मी गोंधळून माझं सरबतही पिऊन टाकलं. अंकलनी कपाळावर हात मारला, तो मला स्टेजवरून स्पष्ट दिसला.

त्या क्षणी माझा टोस्ट तांत्रिकदृष्ट्या संपलेला होता. आठ सेकंदांत. मी खाली उतरलो असतो तर कुणाची तक्रार नव्हती, उलट जेवण लवकर आलं असतं. पण हातात पुठ्ठे होते. अंकलनी बँडवाल्याला तळहात दाखवून थांबवलं आणि मला हाताने खूण केली, चालू ठेव. ट्रेवाल्या पोरांना दुसरी खूण केली.

मी म्हणालो, "हे व्हायला नको होतं. मला शेवटी शुभेच्छा द्यायला सांगितलं होतं, मी आधीच दिल्या. आता तुम्ही बसा, मी गोष्ट सांगतो." लोक हसले. ते हसू माझ्या कुठल्याच पुठ्ठ्यावर नव्हतं, पण त्याने माझे हात थरथरायचे थांबले. मग आजी, दार, मार्गशीर्ष. "भायरच रव" हे आजीच्या आवाजात म्हटल्यावर आमच्या वाडीची टेबलं फुटली आणि वसईकरांनाही अर्थ विचारावा लागला नाही. "तुमच्याकडे माणसं सहा, आमच्याकडे पाच" इथे मी थांबलो. थांबायचं कार्डावर रेघ मारून लिहून ठेवलं होतं, कारण मी पुढे पळणार हे मला ठाऊक होतं. मग मान आणि माईक दोन्ही वळवून नवरीला घरच्या नावाने हाक मारली आणि सात पुड्यांची गोष्ट सांगितली. ती वसईकरांना ठाऊक होती, वाडीकरांना नव्हती, आणि बांगड्यांचं बरोबर उलटं. दोन्ही बाजू एकमेकांकडे बघायला लागल्या. पुढच्या टेबलावरची पांढऱ्या केसांची आजी मान हलवत होती.

तोवर पोरांनी दुसरी फेरी पुरी केली होती. दोन जादा बाटल्यांचे तीस पेले झाले, ते पुढच्या टेबलांवर गेले. बाकी सगळ्यांना कोकम. ते मला नंतर कळलं. वरून तर सगळे पेले लालच दिसत होते.

शेवटच्या कार्डावर मी आशीर्वाद, जन्मोजन्मी वगैरे काही ठेवलं नव्हतं. अंकल म्हणाले होते, शेवटचं वाक्य म्हणजे हुकूम पाहिजे, नाहीतर अर्धे उभे राहतात आणि अर्धे त्यांच्याकडे बघत बसतात. मी म्हणालो, "ह्या माणसाकडचा तुमचा वाटा कधी बुडणार नाही. एखाद्या दिवशी दार बंद असलं तर दुसऱ्या दिवशी घेऊन येईल. आता सगळ्यांनी उभं राहा. पेला हातात घ्या. माझ्यामागून दोघांची नावं म्हणा." नावं म्हणालो. तीनशे जणांनी म्हटली. ह्या वेळी "व्हिवा" कुणी आधी ओरडलं नाही. ज्यांच्या नावाने पेला उचलतात त्यांनी तो प्यायचा नसतो, म्हणून दोघं नुसती उभी होती, पेले हातात धरून. दोस्त जमिनीकडे बघत होता. मग बँड वाजला आणि मी माईक ठेवून खाली आलो. आभार मानायचे नाहीत, हेही अंकलनी सांगून ठेवलं होतं.

खाली आल्यावर त्यांनी पाठीवर थाप मारली. "पयलो टोस्ट आठ सेकंदाचो. माझ्या आयुष्यातलो सगळ्यात ल्हान."

जेवणाच्या रांगेत उभा होतो तेव्हा एक मुलगी मला बोलवायला आली. नवरीच्या आजीने बोलावलं होतं. मी ताट तसंच हातात घेऊन गेलो. म्हातारीने माझा हात धरून मला खाली वाकवलं, बँडचा आवाज मोठा होता.

"बाबा, एक सांग. शुक्रवारी तरी तुझ्या आजीने ते बांगडे घेतले का?"

मी काढून टाकलेलं वाक्य. मसुद्यातून काय काय काढलं त्याचा मला अभिमान होता, आणि त्यात नेमकं हे गेलं होतं. गोष्ट पुरी झाली असं मला वाटलं होतं. तिच्या लेखी मासे अजून दारातच होते.

"घेतले," मी तिच्या कानाशी सांगितलं. "तिरफळं घालून तिखलं केलं. आणि डबा रिकामा परत दिला नाही, त्यात नारळाच्या वड्या घालून दिल्या."

"किती?" तिने विचारलं.

"पाच."